फोटोतल्या ड्रॉइंगचा उजवा कोपरा

भोसरीतल्या एका छोट्या मशिनिंग वर्कशॉपमध्ये मी प्लॅनिंग आणि कोटेशनचं काम बघते. पूर्वी गिऱ्हाइकाचा माणूस ड्रॉइंगची प्रिंट घेऊन यायचा. आता बहुतेक वेळा मोबाइलवर फोटो येतो आणि मागोमाग फोन: "मॅडम, फोटो टाकलाय, रेट द्या." रेट द्यायच्या आधी मी रजिस्टरमध्ये चार गोष्टी लिहिते. ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, स्केल आणि टायटल. चारही शीटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, म्हणजे टायटल ब्लॉकमध्ये असतात. काम पाच मिनिटांचं वाटतं. एका बेअरिंग हाउसिंगच्या ड्रॉइंगला मात्र मला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत कोपरा कसा वाचायचा हे मी नव्याने शिकले.

फोटो सोमवारी सकाळी आला. ए-वन आकाराचं शीट टेबलावर पसरलेलं, डाव्या बाजूला उभं राहून थोडं तिरपं टिपलेलं, वरून ट्यूबलाइटचा चट्टा. बारा नग हवे होते. मी फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं: नंबर BH-2088-14, रिव्हिजन ०२, स्केल १:२, टायटल हाउसिंग बेअरिंग. रजिस्टरमध्ये 2088 शोधला, तर त्याच गिऱ्हाइकाचा जुना जॉब सापडलाही. जुळलं म्हणून मी निर्धास्त झाले.

दुपारी आमचे फोरमन काका मशिनिंगचा वेळ काढायला बसले. त्यांनी रजिस्टरवर नजर टाकली आणि विचारलं, "ताई, ह्यांची रिव्हिजन तर अक्षरात असते. ए, बी, सी. हे शून्य दोन कुठून आणलंत?"

मी बोट ठेवून दाखवलं. शीटच्या अगदी खालच्या कडेला, चौकटीच्या बाहेर, ठळक छापलेलं होतं: FORMAT DES/F/07 REV 02. काकांनी मान हलवली. "ही ड्रॉइंगची रिव्हिजन नव्हे. कोऱ्या शीटची आहे. नमुना छापला तेव्हाची."

खरंच तसं होतं. ज्या कंपन्यांत कागदपत्रांचं नियंत्रण काटेकोर असतं, तिथे कोऱ्या ड्रॉइंग शीटलाही स्वतःचा नंबर आणि स्वतःची रिव्हिजन असते. तो नमुना वापरून काढलेल्या शेकडो ड्रॉइंगवर ती ओळ तशीच्या तशी उमटते. पार्टशी तिचा काही संबंध नसतो. पण फोटोत तीच सर्वांत स्पष्ट दिसते, कारण ती ब्लॉकच्या गर्दीबाहेर, मोकळ्या जागेत असते. तेव्हापासून मी आधी ब्लॉकची जाड चौकट शोधते आणि तिच्या बाहेरचं काहीही त्या चार रकान्यांत लिहीत नाही. चौकटीच्या आतही असेच फसवे शेजारी असतात. "रिप्लेसेस" किंवा "सुपरसीड्स" अशा घरात जुन्या ड्रॉइंगचा नंबर असतो, आणि तो अगदी खऱ्या नंबरासारखाच दिसतो. म्हणून आकडा वाचायच्या आधी त्या घराच्या कोपऱ्यातलं बारीक नाव वाचावं लागतं.

एक चूक सापडली म्हटल्यावर मला बाकीच्या तीन गोष्टींचाही भरवसा वाटेना. मी रिव्हिजनचं खरं घर शोधलं. ते ब्लॉकच्या उजव्या टोकाला होतं, पण त्यावर तांबडा शिक्का बसला होता आणि आत राखाडी ठिपक्यांचा पुंजका. कितीही मोठं केलं तरी ठिपकेच मोठे होत होते.

असं का होतं, याचा हिशेब मी तेव्हा पहिल्यांदा मांडला. ए-वन शीट ८४१ मिलिमीटर लांब असतं. मेसेजमधून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला हा फोटो माझ्याकडे पोचला तो १६०० पिक्सेल रुंदीचा. त्यातले साधारण १४३० पिक्सेल शीटने व्यापलेले, बाकी टेबल. म्हणजे कागदाच्या एका मिलिमीटरला १.७ पिक्सेल. ड्रॉइंग नंबर सहसा ठळक, ५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत असतो, त्याला साडेआठ पिक्सेल मिळाले. रिव्हिजनचं अक्षर ३.५ मिलिमीटरचं, त्याला सहा. घरांची बारीक नावं २.५ मिलिमीटरची, त्यांना जेमतेम चार. सहा पिक्सेलमध्ये बी आणि आठ, सी आणि जी, शून्य आणि डी यांच्यात फरक उरतच नाही. तीनचं डावीकडचं उघडं तोंड मिटलं की त्याचा आठ होतो. माझ्या 2088 मधला शेवटचा आठ कदाचित तीनही असेल, हे तेव्हा लक्षात आलं.

मोबाइलच्या स्कॅनर ॲपमध्ये फोटो टाकून काळा-पांढरा करून पाहिला. त्याने आणखी बिघडलं. ते ॲप प्रत्येक पिक्सेल एक तर पूर्ण काळा करतं, नाही तर पूर्ण पांढरा. तीनच्या तोंडाशी जी थोडी फिकट राखाडी छटा होती, ती काळी झाली आणि आठ छापल्यासारखा उमटला. अंधूक अक्षराकडे पाहून निदान शंका तरी येते. या ठसठशीत आठाकडे पाहून कुणालाच आली नसती. अशा वाचनासाठी फोटो रंगीतच ठेवायचा, हे तिथून पक्कं झालं.

मग मी गिऱ्हाइकाच्या स्टोअरमधल्या माणसाला फोन केला आणि तीन वेगळे फोटो मागितले. एक पूर्ण शीटचा, त्याच्या चारही कडा दिसतील असा. एक नुसत्या कोपऱ्याचा. आणि एक उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या रिव्हिजनच्या तक्त्याचा. फोन कागदावर आडवा, समांतर धरायचा. ट्यूबलाइट बंद करून खिडकीच्या बाजूने उजेड घ्यायचा, म्हणजे चट्टा पडत नाही आणि हाताची सावलीही येत नाही. आणि फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायचा, म्हणजे तो दाबून लहान केला जात नाही. तो म्हणाला, "मॅडम, घडीवर पुसलंय थोडं." तेही स्वाभाविक. ए-वन शीटची ए-फोर घडी अशी घालतात की ब्लॉक वरच्या पानावर राहावा. त्यामुळे शीटवर सर्वांत जास्त हाताळला, मळला आणि झिजला जातो तो नेमका हाच कोपरा.

कोपऱ्याचा फोटो मंगळवारी आला. ब्लॉकची रुंदी १८० मिलिमीटर, आणि फोटोत ती साधारण ३४०० पिक्सेल भरली. आता मिलिमीटरला जवळजवळ १९ पिक्सेल. जे अक्षर काल सहा पिक्सेलचं होतं ते आज ६५ पिक्सेलचं. नंबर आरशासारखा स्पष्ट: BH-2083-14. तीनच.

तरी मी आणखी एक पुरावा पाहिला. पूर्ण शीटच्या नव्या फोटोत डाव्या वरच्या कोपऱ्यात एक लहान चौकट होती आणि तिच्यात तोच नंबर उलटा छापलेला. बऱ्याच कंपन्यांच्या शीटवर असा असतो, शीट ड्रॉवरमध्ये उलटी गेली तरी नंबर सापडावा म्हणून. फोटो फिरवला, तिथेही 2083. दोन जागा, दोन वेगळे उजेड, एकच आकडा. मग रजिस्टरमध्ये 2083 शोधला आणि तोही सापडला. तीन वर्षांपूर्वी आम्ही तो जॉब केला होता, रिव्हिजन बी ला. म्हणजे 2083 आणि 2088 दोन्ही आमच्याकडे नोंदलेले होते, आणि म्हणूनच सोमवारचा चुकीचा आकडा रजिस्टरमध्ये "जुळला" होता. नंबर यादीत सापडला म्हणजे वाचन बरोबर, असं मी मानत होते. एकाच यंत्राच्या पार्टना लागून नंबर दिलेले असतात, तिथे हा पुरावा फार कच्चा ठरतो.

टायटलने उरलेली शंका फेडली. सोमवारी मी फक्त पहिली ओळ वाचली होती, हाउसिंग बेअरिंग. खाली बारीक दुसरी ओळ होती: ड्राइव्ह एंड. रजिस्टरमध्ये 2088 हे नॉन-ड्राइव्ह एंडचं हाउसिंग होतं. ड्राइव्ह एंडला शाफ्ट बाहेर निघून कपलिंगला किंवा पुलीला जोडलेला असतो, म्हणून तिथलं हाउसिंग आरपार उघडं हवं. छेदाच्या चित्रात बोअर, म्हणजे बेअरिंग बसतं ते भोक, आरपार होता आणि बाहेरच्या बाजूला सीलची खाच होती. टायटल, नंबर आणि आकार तिघेही एकच बोलत होते. टायटलमध्ये आधी नाम आणि मग विशेषण लिहायची रीत असल्यामुळे पार्ट ओळखणारा शब्द नेमका शेवटी, दुसऱ्या ओळीत पडतो. डावा-उजवा, वरचा-खालचा, ड्राइव्ह-नॉनड्राइव्ह हे सगळं तिथेच असतं.

आता रिव्हिजन. कोपऱ्याचा फोटो मोठा असूनही तांबड्या शिक्क्याची जाड रेघ बरोबर त्या अक्षरावरून गेली होती. इथे एक साधी युक्ती कामी आली. फोटोतला प्रत्येक ठिपका तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन थरांत साठवलेला असतो. नुसता तांबडा थर पाहिला तर पांढरा कागद उजळ दिसतो आणि तांबडी शाईही जवळजवळ तितकीच उजळ दिसते, म्हणजे कागदात विरून जाते. काळी शाई मात्र काळीच राहते.

```python
import cv2
img = cv2.imread("corner.jpg")
cv2.imwrite("corner_lal.png", img[:, :, 2])
```

ही लायब्ररी रंग निळा, हिरवा, तांबडा या क्रमाने ठेवते, म्हणून तांबड्याचा क्रमांक २. शिक्का पुसला गेला आणि खाली स्वच्छ बी दिसला. आठ नव्हे, कारण डावी बाजू सरळ उभी होती आणि दोन्ही कोपरे टोकदार होते. जांभळ्या शिक्क्याला याच पद्धतीने निळा थर घ्यावा लागतो. शिक्का काळ्या शाईचा असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, मग तक्त्यावरच भिस्त.

अक्षर ओळखताना एक नियम मदतीला येतो. अमेरिकन पद्धतीत, म्हणजे एएसएमई वाय १४.३५ प्रमाणे, रिव्हिजनसाठी आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती आकड्यांशी किंवा इतर खुणांशी गल्लत करतात. त्या पद्धतीच्या शीटवर गोल काही दिसलं तर ते ओ किंवा क्यू नसतं, सी, डी नाही तर जी असतं. मात्र सगळ्याच कंपन्या तो नियम पाळत नाहीत, म्हणून गिऱ्हाइकाची आधीची दोन-तीन ड्रॉइंग काढून त्यांची रीत बघणं बरं.

बी मिळाला, आमच्याही रजिस्टरमध्ये बी होता. आता फक्त सवय म्हणून रिव्हिजनच्या तक्त्याचा फोटो उघडला. वर ए ची ओळ, खाली बी ची, आणि तिच्याखाली पेनने लिहिलेली तिसरी ओळ. सी. बदलाचं वर्णन: बोअर ११० जे-सात ऐवजी एच-सात. म्हणजे व्यास तोच, पण त्यात चालणाऱ्या कमी-जास्तीची मर्यादा वेगळी. पुढे तारीख आणि सही. पूर्ण शीटच्या फोटोत त्या मापाजवळ पेनने काढलेला त्रिकोण आणि त्यात सी.

म्हणजे ब्लॉक म्हणतो बी आणि तक्ता म्हणतो सी.

मी फोटो काकांना दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग स्टोअरमध्ये गेले आणि मागच्या वेळचा प्लग गेज, म्हणजे बोअरमध्ये घालून माप तपासायचा दंडगोल, घेऊन आले, ११० जे-सातचा. म्हणाले, "बी लिहिलं असतंत, तर सेटरने हाच लावला असता."

फरक किती, ते मांडते. ११० मिलिमीटर हा ६३१० नंबरच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास. जे-सात म्हणजे बोअर १०९.९८७ ते ११०.०२२ मिलिमीटर. एच-सात म्हणजे ११०.००० ते ११०.०३५. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर चढतात, त्यामुळे ११०.०१० चा बोअर दोन्हींत पास होतो आणि चूक लपून राहते. पण १०९.९९० चा बोअर जुन्या गेजने पास झाला असता आणि नव्या ड्रॉइंगप्रमाणे तो नापास. गिऱ्हाइकाने बहुधा बेअरिंग हाउसिंगमध्ये सैल सरकावं म्हणून बदल केला असावा, आणि आम्ही त्याला घट्ट बोअर दिले असते.

अशा वेळी आपणच न्यायनिवाडा करायचा नाही, हे काकांचं म्हणणं मला पटलं. नंतरची तारीख म्हणून सी धरावी, असं मनात येत होतं. पण पेनने लिहिलेला बदल मंजूर होता की नुसता प्रस्ताव, हे फोटोवरून कळत नाही. मी ईमेल लिहिला, दोन्ही फोटो जोडले, दोन्ही घरांना तांबडी गोल खूण केली आणि एकच प्रश्न विचारला: कोणत्या रिव्हिजनप्रमाणे बनवायचं? बुधवारी उत्तर आलं. टेबलावरची प्रत जुनी होती. डिझाइनच्या माणसाने शॉपमधल्या प्रतीवर हाताने बदल लिहिला होता आणि ब्लॉकमधलं अक्षर बदलायचं राहून गेलं होतं. मंजूर रिव्हिजन सी. सोबत नवी फाइल, तिच्यात ब्लॉक आणि तक्ता दोन्हीकडे छापील सी.

स्केलची गोष्ट मध्येच राहिली. सोमवारच्या फोटोत ट्यूबलाइटचा चट्टा स्केलच्या घराच्या उजव्या अर्ध्यावर होता. १:२ दिसत होतं, पण पुढे काही होतं का? १:२.५ असतं तर त्यातल्या टिंबाला एखादाच पिक्सेल मिळाला असता. नवा फोटो यायच्या आधीच, मंगळवारी सकाळी, मी मोजून पाहिलं होतं. फोटोच्या चार कडा ओढून शीट आधी चौकोनी केलं. मग त्याच गिऱ्हाइकाची जुनी प्रिंट फाइलमधून काढून स्टीलपट्टीने ब्लॉक मोजला: १८० मिलिमीटर. आयएसओच्या नमुन्यात ही रुंदी ठरलेली आहे, कारण ए-फोरच्या २१० मधून डावीकडचा २० आणि उजवीकडचा १० चा समास गेला की १८० उरतात. आपल्याकडच्या अभ्यासक्रमातला ब्लॉक १८५ बाय ६५ चा. हा पाच मिलिमीटरचा फरक इथे आड येत नाही.

फोटोत ब्लॉक ३०६ पिक्सेल भरला, म्हणजे मिलिमीटरला १.७. ब्लॉकच्या जवळच समोरच्या चित्रात पायथ्याची लांबी ३२० लिहिली होती आणि ती रेघ २७२ पिक्सेल भरली. २७२ भागिले १.७ म्हणजे कागदावर १६० मिलिमीटर. ३२० चे १६०, स्केल १:२. तो १:२.५ असता तर रेघ २१८ पिक्सेलच्या आसपास आली असती. इतका फरक तिरप्या फोटोतही लपत नाही.

या हिशेबाने कुणी न लिहिलेलं माप काढू नये. शीटवर "ड्रॉइंगवरून मोजू नका" असं छापलेलं असतं ते त्यासाठीच. पण वाचलेलं बरोबर आहे का, हे तपासायला तो उत्तम आहे. ३२० चा तीन मला आठ वाटला असता, तर ८२० चं माप या स्केलला कागदावर ४१० मिलिमीटर व्हायला हवं होतं. शिवाय ए-वनची ए-थ्रीवर छोटी केलेली प्रिंट असली तरी ही रीत चालते, कारण चित्राबरोबर ब्लॉकही निम्मा होतो आणि दोघांचं प्रमाण तेच राहतं. अशा प्रिंटवर पट्टी ठेवली तर ब्लॉक ९० मिलिमीटर भरतो आणि प्रिंट छोटी असल्याचं तिथल्या तिथे समजतं.

आता रजिस्टरमध्ये मी दोन रकाने वाढवलेत. एकात, वाचलेलं कशाशी ताडून पाहिलं: नंबर उलट्या चौकटीशी, रिव्हिजन तक्त्याशी, स्केल मापाशी, टायटल आकाराशी. दुसऱ्यात, फोटो कुठल्या प्रतीचा: शॉपची, स्टोअरची की डिझाइनची.

बारा हाउसिंग पुढच्या महिन्यात तयार झाली. काकांनी जे-सातचा प्लग गेज बाजूला ठेवून बोअर गेजने प्रत्येक नग मोजला आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट माझ्याकडे दिला. सगळ्यात लहान बोअर ११०.००८, सगळ्यात मोठा ११०.०२८. वर कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: BH-2083-14, रेव सी.